एका अक्षराची चूक : पेशी ती कशी पकडते आणि सुटलेली चूक शेतात कशी दिसते

पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके कीटकाच्या मज्जातंतूंमधील सोडियम मार्गिकेवर परिणाम करतात. सोडियम मार्गिका म्हणजे मज्जापेशीच्या आवरणात बसलेले, उघडझाप करणारे एक प्रथिन होय. कीटकनाशक त्याला चिकटले की हे द्वार वेळेवर बंद होत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होत राहतो आणि कीटक तडफडून खाली पडतो. केनियातील अ‍ॅनॉफिलिस गॅम्बी या हिवताप पसरवणाऱ्या डासांत मात्र काही डास असे आढळले की ज्यांच्यावर हा परिणाम कमी होत होता. त्यांच्या सोडियम मार्गिकेत १०१४ व्या स्थानी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन होते. हा बदल २००० मध्ये नोंदवला गेला.

या बदलाचे मूळ जनुकातील अवघ्या एका अक्षरात आहे. ल्युसीनसाठी तेथे टी-टी-ए अशी तीन अक्षरे असतात. प्रतिकारक डासात ती टी-सी-ए अशी झाली होती. मधल्या ‘टी’च्या जागी ‘सी’ आले, एवढेच. कीटकशास्त्रात हा बदल ‘केडीआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकारक्षमतेच्या प्रकारांपैकी एक आहे.

असे एक अक्षर बदलते तरी कसे? पेशी दर विभाजनाला लक्षावधी अक्षरांची प्रत काढत असताना अशा चुका इतक्या विरळा का असतात? आणि फवारणीमुळेच ही चूक घडते, हा शिवारात सर्रास आढळणारा समज कितपत खरा आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात त्या मधल्या ‘टी’चाच प्रवास पाहिला आहे.

प्रत काढताना किती चुका होतात?

डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती गुंफलेले असतात. एका धाग्यावर ‘ए’ असेल तर समोरच्या धाग्यावर ‘टी’ असतो. ‘जी’ असेल तर ‘सी’ असतो. पेशी विभागण्यापूर्वी हे धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा विणला जातो. हे विणण्याचे काम पॉलिमरेज नावाचे विकर करते. जुना धागा हा नमुना आणि नवा धागा ही त्याची प्रत, असे हे नाते आहे.

या कामाचा सर्वांत बारकाईने अभ्यास इश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय या जिवाणूत झाला आहे. त्याच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात. दोन्ही जुन्या धाग्यांची प्रत निघते, म्हणून एका विभाजनासाठी सुमारे ९२ लाख नवी अक्षरे बसवावी लागतात. प्रत काढण्याचे काम एका ठिकाणी सुरू होऊन दोन दिशांनी पुढे सरकते आणि प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण एक हजार अक्षरजोड्यांचा पल्ला गाठला जातो. त्यामुळे सारे काम सुमारे ४० मिनिटांत आटोपते.

पॉलिमरेजने केवळ अक्षर निवडून बसवण्याचे काम केले, तर ढोबळमानाने एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे एका विभाजनात ९० च्या आसपास चुका. पॉलिमरेजसोबत काम करणारी मुद्रितशोधनाची व्यवस्था या चुका सुमारे शंभरपट कमी करते. मग विभाजनामागे जेमतेम एक चूक उरते. त्यानंतर येणारी विजोड दुरुस्ती ही संख्या आणखी शंभर ते हजारपट खाली आणते. शेवटी शंभर ते हजार विभाजनांत एखादी चूक टिकून राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तीन टप्प्यांचे परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, तर गुणले जातात. धान्य तीन चाळण्यांतून काढले असता पहिल्या चाळणीतून निसटलेला खडाच काय तो दुसऱ्या चाळणीपुढे येतो, तसेच हे आहे. म्हणून कोणताही एक टप्पा परिपूर्ण नसला तरी एकत्रित परिणाम विलक्षण अचूक ठरतो.

पहिली चाळणी : जागेत बसणारे अक्षर

‘ए’समोर ‘टी’च का बसतो, याचे उत्तर बहुधा हायड्रोजन बंधांत शोधले जाते. परंतु योग्य आणि अयोग्य जोडीतील बंधांच्या बळाचा फरक तुलनेने लहान असतो. केवळ त्यावर विसंबले तर शंभरातील एखादे अक्षर चुकू शकले असते. पॉलिमरेज त्याहून पुष्कळ चांगले काम करते, कारण ते जोडीचा आकार तपासते. ए-टी आणि जी-सी या दोन्ही योग्य जोड्यांची रुंदी व ठेवण जवळजवळ सारखी असते. विकराच्या गाभ्यातील जागा याच मापाची असते. योग्य जोडी जुळली की विकर तिच्याभोवती मिटते आणि नवे अक्षर धाग्याला सांधले जाते. आकार बिघडला तर विकर नीट मिटत नाही आणि ते अक्षर बहुधा सांधले जाण्यापूर्वीच निसटून जाते.

आता डासाच्या जनुकातील मधला ‘टी’ घेऊ. प्रत निघताना त्याच्यासमोर ‘ए’ यायला हवा. कधी कधी तेथे ‘जी’ येतो. ‘टी’ आणि ‘जी’ यांची जोडी थोडी तिरकी असली तरी तिचा आकार योग्य जोडीपासून फार दूर नसतो. शिवाय या अक्षरांच्या रेणूंतील एखादा हायड्रोजन अणू क्षणभर जागा बदलतो, तेव्हा टी-जी जोडी हुबेहूब योग्य जोडीसारखी दिसते. त्या क्षणी विकर मिटले तर चूक पक्की सांधली जाते. म्हणूनच प्रत काढताना होणाऱ्या चुकांत टी-जी ही विजोड जोडी वरचेवर आढळते. येथे कोणतेही रसायन लागत नाही, कोणताही आघात लागत नाही. रेणूंच्या स्वाभाविक हालचालीतूनच ही चूक जन्म घेते.

दुसरी चाळणी : मुद्रितशोधन

छापखान्यात मुद्रितशोधक सहसा सारी जुळणी झाल्यावर कच्ची प्रत तपासतो. पेशीतील मुद्रितशोधन याहून वेगळे आहे. येथे प्रत्येक अक्षर बसताच, पुढचे अक्षर बसण्यापूर्वीच तपासणी होते.

‘टी’समोर ‘जी’ सांधला गेला की नव्या धाग्याचे टोक नीट जुळलेले राहत नाही. पुढचे अक्षर जोडण्यासाठी पॉलिमरेजला हे टोक अचूक जागी हवे असते. ते किंचित सरकलेले असल्याने पुढचे अक्षर जोडण्याचा वेग एकदम मंदावतो. हा विलंबच मुद्रितशोधनाची संधी ठरतो. सैल झालेले टोक नमुना धाग्यापासून उकलते आणि पॉलिमरेजच्या शेजारीच असलेल्या दुसऱ्या जागेत सरकते. ही जागा कात्रीसारखे काम करते. ती टोकावरचे शेवटचे अक्षर कापून टाकते. मग धागा मूळ जागी परततो आणि त्या ‘टी’समोर योग्य अक्षर बसवण्याची दुसरी संधी मिळते.

ई. कोलायमध्ये ही कात्री पॉलिमरेजच्या संकुलातील एका स्वतंत्र प्रथिनात असते. त्याच्या जनुकाला डीएनए-क्यू म्हणतात. विशेष म्हणजे या कात्रीला चूक ‘ओळखता’ येत नाही. ती सैल टोक कापते, एवढेच. कधी कधी योग्य अक्षरही क्षणभर सैल होते आणि नाहक कापले जाते. म्हणजे अचूकतेची किंमत पेशीला वाया गेलेली अक्षरे आणि वेळ या रूपाने मोजावी लागते. कात्री अधिक उतावीळ असती तर चुका आणखी घटल्या असत्या, पण योग्य अक्षरेही भराभर कापली गेली असती आणि प्रत काढण्याचे काम रेंगाळले असते.

या टप्प्याची मर्यादाही यातूनच दिसते. चुकीच्या अक्षरापुढे आणखी काही अक्षरे जोडली गेली की टोक पुन्हा घट्ट बसते. चूक धाग्याच्या आत गाडली जाते आणि टोकावर काम करणाऱ्या कात्रीच्या आवाक्याबाहेर जाते.

तिसरी चाळणी : विजोड दुरुस्ती

गाडली गेलेली टी-जी जोडी शोधण्याचे काम म्यूट-एस नावाचे प्रथिन करते. ते डीएनएभोवती चिमट्यासारखे बसते आणि धाग्याला वाकवून पाहते. योग्य जोड्यांचा डीएनए ताठ असतो. विजोड जोडीपाशी तो सहज वाकतो. तेथे म्यूट-एसमधील फेनिलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल पाचरीसारखे विजोड अक्षराशेजारी शिरते आणि जागा पक्की होते. म्यूट-एसला सर्व विजोड जोड्या सारख्याच चांगल्या ओळखता येत नाहीत. सी-सी जोडी त्याच्या हातून बऱ्याचदा सुटते. परंतु वरचेवर होणारी टी-जी जोडी ते उत्तम ओळखते. जी चूक अधिक होते तीच अधिक पकडली जाते, अशी ही सोय आहे.

चूक सापडली, तरी खरी अडचण आता पुढे आहे. समोरासमोर ‘टी’ आणि ‘जी’ आहेत. यांतील चुकीचे अक्षर कोणते? दोन्ही अक्षरे आपापल्या परीने निर्दोष आहेत. चूक आहे ती त्यांच्या जोडीत. ‘जी’ काढून ‘ए’ बसवला तर मूळ मजकूर परत मिळतो. पण ‘टी’ काढून ‘सी’ बसवला तरीही जोडी योग्यच दिसते. मात्र तेव्हा टी-टी-ए चे टी-सी-ए झालेले असते. म्हणजे दुरुस्तीनेच उत्परिवर्तन पक्के केले असे होते. जुना धागा कोणता आणि नवा कोणता हे कळले नाही, तर दुरुस्ती म्हणजे निव्वळ छापा-काटा ठरते.

ई. कोलायने हा प्रश्न एका खुणेने सोडवला आहे. त्याच्या डीएनएत जेथे जेथे जी-ए-टी-सी असा क्रम येतो, तेथील ‘ए’वर डॅम नावाचे विकर मिथाइल गटाची छोटी खूण लावते. चार अक्षरांचा ठरावीक क्रम योगायोगाने सरासरी २५६ अक्षरांमागे एकदा येतो, त्यामुळे अशा खुणा गुणसूत्रभर पसरलेल्या असतात. प्रत निघाल्यानंतर ही खूण लगेच लागत नाही. काही काळ जुन्या धाग्यावर खूण असते आणि नवा धागा कोरा असतो. ताज्या सारवणावरून जमीन नुकतीच सारवली आहे हे कळते, तसा हा कोरेपणा धाग्याचे नवेपण सांगतो.

म्यूट-एसने चूक पकडली की म्यूट-एल हे दुसरे प्रथिन येते आणि ते म्यूट-एच या तिसऱ्या प्रथिनाला कामाला लावते. म्यूट-एच जवळच्या जी-ए-टी-सी पाशी फक्त कोऱ्या धाग्याला छेद देते. हा छेद चुकीपासून हजारभर अक्षरे दूरही असू शकतो. तेथून चुकीच्या पलीकडपर्यंतचा नवा धागा उकलून कापून टाकला जातो. रिकामी जागा पॉलिमरेज नव्याने भरते आणि शेवटी सांधा जोडला जातो. एका अक्षरासाठी शेकडो अक्षरे फेकून देण्याची ही पद्धत उधळपट्टीची वाटते. पण त्यामुळे जुना मजकूर अबाधित राहतो.

धाग्यांची ओळखच निर्णायक आहे, याचा पुरावा दोन उलट दिशांच्या प्रयोगांतून मिळाला. डॅम विकर नसलेल्या जिवाणूंत दोन्ही धागे कोरे राहतात. तेथे उत्परिवर्तने वाढतात. डॅम विकर गरजेपेक्षा फार अधिक असलेल्या जिवाणूंत नव्या धाग्यावरही झटपट खूण लागते. तेथेही उत्परिवर्तने वाढतात. खूण नसणे आणि खूण घाईने लागणे, दोन्हींचा परिणाम एकच. पॉल मॉड्रिच यांच्या प्रयोगशाळेने ही सारी प्रक्रिया १९८९ मध्ये शुद्ध केलेल्या प्रथिनांच्या साहाय्याने परीक्षानळीत घडवून दाखवली. डीएनए दुरुस्तीवरील संशोधनासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासमवेत मिळाले.

कीटकांच्या पेशीत काय होते?

म्यूट-एस आणि म्यूट-एलची भावंडे कीटक, वनस्पती, बुरशी आणि मानव या सर्वांच्या पेशींत आहेत. म्यूट-एच आणि जी-ए-टी-सी वरील खुणेची पद्धत मात्र तेथे नाही. मग नवा धागा ओळखतात कसा? नवा धागा विणताना तो ठिकठिकाणी तुटक असतो. दोनपैकी एक धागा तर लहान लहान तुकड्यांनीच विणला जातो आणि ते तुकडे नंतर सांधले जातात. ही तात्पुरती टोके नवेपणाची खूण ठरतात. शिवाय पॉलिमरेजला धाग्यावर धरून ठेवणारे कड्यासारखे प्रथिन डीएनएवर ठरावीक बाजूने बसलेले असते. त्याच्या दिशेवरून म्यूट-एलच्या भावंडाला नवा धागा समजतो आणि ते स्वतःच त्याला छेद देते.

ड्रोसोफिला या प्रयोगशाळेतील लहान माशीत म्यूट-एसच्या एका भावंडाच्या जनुकाला ‘स्पेलचेकर-१’ असेच नाव आहे. हे जनुक निकामी केलेल्या माशांत सीए-सीए-सीए अशा पुनरावृत्त क्रमांची लांबी पिढ्यांगणिक बदलू लागते. कारण असे क्रम विणताना धागा एखाद्या घराने सरकतो आणि एक आवर्तन कमी-अधिक होते. मुद्रितशोधनाला ही चूक नीट पकडता येत नाही, कारण टोक योग्य जोडीतच असते. ती पकडण्याची मुख्य जबाबदारी विजोड दुरुस्तीवर असते. म्हणून अशा पुनरावृत्त क्रमांची लांबी अस्थिर दिसणे, ही विजोड दुरुस्ती बिघडल्याची प्रयोगशाळेतील खात्रीची खूण मानली जाते. मानवातील काही आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगांच्या निदानातही हीच चाचणी वापरली जाते.

जिवाणूंत हा बिघाड याहूनही सोप्या रीतीने दिसतो. रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या पोषक माध्यमाच्या तबकडीवर सुमारे १० कोटी जिवाणू पसरले, तर नेहमीच्या ई. कोलायच्या मोजक्याच वसाहती वाढतात. म्यूट-एस नसलेल्या ई. कोलायच्या वसाहती त्याच्या शंभरपटीच्या आसपास असतात. मुद्रितशोधन बिघडलेल्या काही वाणांत तर वाढ हजारो पटींची असते. याचे कारणही बोधप्रद आहे. मुद्रितशोधन थांबले की इतक्या चुका पुढे येतात की विजोड दुरुस्तीची यंत्रणा त्यांच्या भाराखाली अपुरी पडते. म्हणजे एक चाळणी फाटली की दुसरीही तुंबते.

चूक उत्परिवर्तन केव्हा होते?

आपली टी-जी जोडी तिन्ही चाळण्यांतून सुटली असे समजू. तरीही ते अद्याप उत्परिवर्तन नव्हे. दुरुस्तीला पुढच्या विभाजनापर्यंत मुदत आहे. पुढच्या वेळी दोन्ही धागे सुटे होतात. ‘टी’ असलेल्या धाग्यासमोर ‘ए’ बसतो आणि तेथे मूळ मजकूर परततो. ‘जी’ असलेल्या धाग्यासमोर ‘सी’ बसतो. आता तेथे सी-जी ही संपूर्णपणे योग्य जोडी आहे. म्यूट-एसच्या भावंडांना तिच्यात काहीही वावगे दिसत नाही. टी-टी-ए चे टी-सी-ए झाले आणि ते पुढच्या प्रत्येक प्रतीत निष्ठेने उतरवले जाणार. ज्या यंत्रणेने चूक रोखायची, तीच यंत्रणा यापुढे त्या चुकीचे जतन करते.

हे बीजपेशीत घडले तरच बदल पुढच्या पिढीत जातो. पायाच्या किंवा पंखाच्या पेशीत घडलेली चूक त्या कीटकाबरोबरच संपते.

फवारणी आणि प्रतिकारक्षमता

आता शिवारातील समजाकडे वळता येईल. कीटकनाशकाच्या संपर्काने कीड ‘सरावते’ आणि तिच्यात बदल घडतो, असे अनेकदा म्हटले जाते. वर पाहिलेला ‘टी’चा प्रवास याला दुजोरा देत नाही. चूक प्रत काढताना घडते. त्या वेळी पायरेथ्रॉइड तेथे असण्याची गरज नाही.

याचा प्रत्यक्ष पुरावा जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये जिवाणूंवरील एका साध्या प्रयोगातून दिला. त्यांनी एका तबकडीवर वाढलेल्या जिवाणूंवर मखमलीचा तुकडा दाबला आणि त्याचा ठसा जिवाणूंना मारणारे विषाणू पसरलेल्या अनेक तबकड्यांवर उमटवला. प्रतिकारक वसाहती सर्व तबकड्यांवर बहुतांशी त्याच त्याच जागी उगवल्या. संपर्कामुळे बदल घडत असता तर त्या प्रत्येक तबकडीवर वेगवेगळ्या जागी दिसल्या असत्या. मूळ तबकडीवर, जेथे विषाणू कधी पोहोचलाच नव्हता, त्या जागी प्रतिकारक जिवाणू आधीपासून होते. विषाणूने त्यांना घडवले नाही. इतरांना मारून उघड केले.

इतक्या विरळा चुका शेतात महत्त्वाच्या कशा ठरतात, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. ड्रोसोफिलात एका पिढीत, म्हणजे बीजपेशींची अनेक विभाजने धरून, एक ठरावीक अक्षर बदलण्याची शक्यता ३५ कोटींत सुमारे एक इतकी मोजली गेली आहे. प्रत्येक अक्षराचे तीन पर्याय असतात. त्यांपैकी नेमका हवा तोच बदल होण्याची शक्यता ढोबळमानाने १०० कोटींत एक येते.

पांढऱ्या माशीतही हाच दर असल्याचे समजू. या किडीच्या सोडियम मार्गिकेत ९२५ व्या स्थानी ल्युसीनऐवजी आयसोल्युसीन आले की पायरेथ्रॉइडला प्रतिकार दिसतो, आणि त्यासाठीही एक अक्षर बदलणे पुरते. कपाशीचे १,००० हेक्टर सलग क्षेत्र आणि दर चौरस मीटरला पिल्ले व प्रौढ मिळून १०० पांढऱ्या माश्या असे धरले, तर त्या क्षेत्रात एका वेळी १०० कोटी कीटक असतात. म्हणजे पेशीची दुरुस्ती इतकी काटेकोर असूनही प्रत्येक पिढीत असा एखादा नवा कीटक जन्मण्याची शक्यता राहते. पांढऱ्या माशीच्या हंगामात कितीतरी पिढ्या होतात, हेही लक्षात घ्यावे.

फवारणी नसेल तर हा एकटा कीटक गर्दीत बहुधा हरवून जातो. पाऊस, मित्रकीटक किंवा उपासमार यांना तो इतरांइतकाच बळी पडतो. एकाच गटाची औषधे लागोपाठ फवारली की मात्र त्याचे प्रतिस्पर्धी नाहीसे होतात आणि पुढची पिढी प्रामुख्याने त्याच्या वंशाची होते. चुकीचा दर फवारणीने वाढत नाही. सुटलेल्या चुकीला वाढण्यास मोकळे रान मिळते.

गट बदलण्याच्या शिफारशीमागील गणितही येथेच आहे. निरनिराळ्या लक्ष्यस्थानांवर काम करणाऱ्या दोन गटांना एकाच कीटकात एकाच पिढीत नव्याने प्रतिकार यायचा, तर दोन स्वतंत्र चुका एकत्र घडाव्या लागतील. १०० कोटींत एक गुणिले १०० कोटींत एक, ही शक्यता कोणत्याही शिवारातील कीटकसंख्येच्या तुलनेत नगण्य आहे. पेशी आपल्या चाळण्या एकापाठोपाठ ठेवून ज्या गुणाकाराचा लाभ घेते, तोच लाभ येथे पीक संरक्षणाला मिळतो. परंतु औषधाचे केवळ व्यापारी नाव बदलून तो मिळत नाही. सायपरमेथ्रिननंतर लॅम्डा सायहॅलोथ्रिन वापरले तर लक्ष्यस्थान तेच राहते, आणि तीच एक चूक दोन्हींना पुरते. लेबलवरील क्रियापद्धतीचा गट पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. पायरेथ्रॉइडचा गट ३-ए आहे. पुढची फवारणी वेगळ्या क्रमांकाच्या गटाची असावी.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, काही कीटकांतील प्रतिकार एका अक्षराच्या बदलाने येत नाही, तर विषाचे विघटन करणारी विकरे वाढल्याने येतो. असे एकच विकर कधी कधी वेगवेगळ्या गटांच्या औषधांना निष्प्रभ करते. तेथे गट बदलण्याचा लाभ कमी होतो. दुसरी अशी की, वरील आकडा नव्याने घडणाऱ्या चुकीचा आहे. शेजारच्या शिवारात प्रतिकारक कीटक आधीच वाढलेले असतील, तर ते उडून येण्यासाठी कोणत्याही नव्या चुकीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून औषध निष्प्रभ वाटल्यास त्याची मात्रा वाढवण्यापूर्वी फवारणीचे तंत्र, पाण्याचे प्रमाण आणि वेळ तपासावी. हे सारे योग्य असूनही कीड तगून राहत असेल, तर जिवंत उरलेले कीटक नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत तपासणीसाठी पाठवावेत. त्यांच्या सोडियम मार्गिकेच्या जनुकातील एखादे अक्षर बदलले आहे काय, हे प्रयोगशाळेत थेट वाचता येते, आणि त्यावरून त्या गटाची पुढील फवारणी करावी की थांबवावी हे ठरवता येते.